प्रश्नपत्रिकेच्या पानावर a<b चा मधला भाग गायब, आणि खालचं सगळं ठळक

विद्या_नौपाडा · रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. नौपाड्यात माझा छोटा क्लास आहे, नववी-दहावीचं गणित आणि बारावीचं आयटी. दर रविवारची सराव चाचणी मी क्लासच्या पानावर टाकते. पान साधंच आहे, नोटपॅडमध्ये हाताने लिहिलेलं एचटीएमएल. मुलं मोबाईलवर उघडतात आणि वहीत सोडवतात.

आज चौथ्या प्रश्नावर अकरा मुलांनी काहीच लिहिलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, प्रश्नच अर्धा आहे." घरी येऊन फोनवर उघडलं तर खरंच तसं. मी लिहिलं होतं ते हे:

```
<p>४. जर a<b आणि b>c असेल, तर कोणते विधान नक्की खरे?</p>
```

पानावर दिसतं ते "४. जर ac असेल, तर कोणते विधान नक्की खरे?" त्यातलं c पासून पुढचं सगळं ठळक, आणि पाचव्या प्रश्नापासून पान संपेपर्यंतही सगळं ठळक!

मला कोडं हे पडलंय की दुसऱ्या प्रश्नात `x < y` आहे, तो नीट दिसतो. तिसऱ्यात `x<5` आहे, तोही नीट. सातव्यात `p<q` होतं, तिथे अर्धं वाक्य गेलं आणि उरलेल्या भागाला अवतरणचिन्हं लागली, जी मी दिलेलीच नाहीत. चिन्ह एकच, मग चार ठिकाणी चार तऱ्हा कशा? पुढच्या रविवारच्या आत मला हे समजून घ्यायचं आहे.

---

कोपरीकर · रविवार, रात्री १०:५२

विद्याताई, ब्राउझर त्या चिन्हाला टॅग समजतोय, एवढंच. मी बरीच वर्षं पानं बनवतोय, माझा साधा उपाय सांगतो. प्रश्न `<pre>` मध्ये टाका. `<pre>` म्हणजे आत जसं लिहिलंय तसंच दाखव. मोकळ्या जागा, ओळी, चिन्हं, सगळं जसंच्या तसं राहील.

---

घणसोली_देवदत्त · रविवार, रात्री ११:३५

कोपरीकर काका, मोकळ्या जागा आणि ओळी राहतील हे बरोबर. चिन्ह मात्र राहणार नाही. `<pre>` च्या आतही टॅग वाचले जातातच. `<pre>` मध्ये `<b>` लिहून मजकूर ठळक करता येतो, करून बघा. त्यामुळे ताईंचा चौथा प्रश्न `<pre>` मध्येही तसाच मोडेल.

ताई, तुम्ही चार तऱ्हा अगदी नेमक्या टिपल्या आहेत, त्यातच उत्तर आहे. ब्राउझर `<` दिसल्यावर लगेच पुढचं एक अक्षर बघतो. ते a ते z पैकी इंग्रजी अक्षर असेल, लहान किंवा मोठं, तर त्याच्या लेखी टॅग सुरू झाला. जागा, आकडा किंवा देवनागरी अक्षर असेल तर तो `<` ला साधं चिन्ह मानून पुढे जातो. (`/`, `!` आणि `?` ही तीन चिन्हंही `<` च्या पुढे आली की गडबड करतात, पण गणितात ती सहसा तशी येत नाहीत.) म्हणून `x < y` वाचला, `x<5` वाचला. तुम्ही "अ<ब" लिहिलं असतं तर तेही वाचलं असतं.

आता चौथा प्रश्न ब्राउझरच्या डोळ्यांनी वाचा. `<b` आलं, म्हणजे ठळक करण्याचा टॅग. टॅग `>` येईपर्यंत संपत नाही, म्हणून त्यापुढचे "आणि" आणि `b` हे दोन शब्द त्याने त्या टॅगचे गुणधर्म म्हणून गिळले. मग `>` आलं आणि टॅग पूर्ण झाला. पानावर उरलं a आणि c. पानावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडलंत तर `b` टॅगच्या आत "आणि" हा गुणधर्म म्हणून बसलेला दिसेल.

तो टॅग तुम्ही कधी बंद केला नाहीत, कारण तुम्ही तो उघडलाच नव्हता. `b`, `i`, `u`, `s` असे टॅग उघडे राहिले की ब्राउझर पुढच्या प्रत्येक परिच्छेदात ते पुन्हा लावतो. म्हणून शेवटपर्यंत ठळक. सातव्यात `<q` झालं. `q` हा अवतरणाचा टॅग, ब्राउझर त्याला स्वतःहून अवतरणचिन्हं लावतो. पण तो परिच्छेद संपला की संपतो, म्हणून गडबड त्या एका वाक्यापुरती राहिली.

लिहायचं असं:

```
<p>४. जर a&lt;b आणि b&gt;c असेल, तर कोणते विधान नक्की खरे?</p>
```

`&lt;` म्हणजे पेक्षा लहान, `&gt;` म्हणजे पेक्षा मोठं. शेवटचा अर्धविराम विसरू नका. आणि "जागा सोडली की चालतं" यावर विसंबू नका. आज तुम्ही जागा सोडाल, उद्या कुणी मजकूर दुरुस्त करताना ती जागा काढेल, आणि प्रश्न पुन्हा अर्धा होईल.

---

मुग्धा_खारघर · सोमवार, सकाळी ८:१५

मी डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. आमच्याकडे काही जण `<` च्या जागी त्याच्यासारखं दिसणारं दुसरं चिन्ह टाकतात, ‹ किंवा रुंद ＜. पान मोडत नाही हे खरं. पण कुणी ते वाक्य कॉपी करून दुसरीकडे नेलं की चिन्ह वेगळं निघतं, पानावर शोधलं तर सापडत नाही, आणि काही फॉन्टमध्ये त्याची उंची बाकीच्या अक्षरांशी जुळत नाही. विद्याताई, तो मार्ग घेऊ नका.

देवदत्त, एक विचारायचं होतं. `>` सुद्धा `&gt;` लिहायलाच हवं का? मी बऱ्याच पानांच्या सोर्समध्ये नुसतं `>` पाहिलंय आणि ती नीट चालतात.

---

घणसोली_देवदत्त · सोमवार, सकाळी ९:०५

मुग्धाताई, मजकुरात नुसतं `>` चालतं. टॅग उघडलेलाच नसेल तर त्या चिन्हाने काही बंद होत नाही. खरी सक्ती `<` आणि `&` या दोघांची. मी `>` ही बदलतो ते दोन कारणांनी. सोर्स वाचताना जोडी जुळलेली दिसते, आणि वर कुठे एखादं `<` चुकून राहिलं असेल तर हे `>` त्याचा टॅग पूर्ण करायला हाताशी सापडत नाही.

---

कोपरीकर · सोमवार, सकाळी ९:४०

`<pre>` चं मी रात्री करून पाहिलं. देवदत्तचं बरोबर आहे, मोडतं. इतकी वर्षं माझ्या पानांत आकडे होते, अक्षरं नव्हती, म्हणून कळलं नाही.

मग देवनागरीलाही असे कोड लागतात का? माझ्या जुन्या पानांत सगळी मराठी अशी आहे:

```
&#2336;&#2366;&#2339;&#2375;
```

हे "ठाणे" आहे. तेव्हाचा संपादक सेव्ह करताना स्वतःच असं करून टाकायचा.

---

मुग्धा_खारघर · सोमवार, सकाळी १०:१०

काका, ठ, काना, ण, मात्रा, चारही नीट दिसतात. पण आता याची गरज नाही. फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली आणि वर `<meta charset="utf-8">` असलं की "ठाणे" सरळ लिहायचं. ≤, ×, ° ही चिन्हंही सरळ. तुमची जुनी पानं दिसायला ठीक राहतील, पण दुरुस्त करायची वेळ आली की "ठाणे" शोधून सापडणार नाही. आमच्याकडे अशी चाळीस पानं आली होती. ती मी ब्राउझरमध्ये उघडून, दिसणारा मजकूर कॉपी करून नव्याने लावली. तीन दिवस गेले.

---

विद्या_नौपाडा · सोमवार, रात्री ९:३०

देवदत्त, तुम्ही ब्राउझरच्या डोळ्यांनी वाचायला शिकवलंत. हे मी उद्या बारावीच्या मुलांना फळ्यावर तसंच दाखवणार आहे.

आता पुढची अडचण. आज मी सगळे प्रश्न एका साध्या फाईलमध्ये घेतले, टॅग न लावता, म्हणजे फाइंड-रिप्लेस करता येईल. आधी `<` चं `&lt;` केलं, मग `>` चं `&gt;`, आणि एका प्रश्नात "पाणी & साखर" असं होतं म्हणून शेवटी `&` चं `&amp;`. मग टॅग लावले. आता पानावर अक्षरशः `a&lt;b` असं दिसतंय.

आणखी एक. सूचनेत मागच्या पेपरची लिंक पालकांना कॉपी करता यावी म्हणून पूर्ण लिहिली आहे. सोर्समध्ये अशी:

```
paper.html?std=10&section=2
```

पानावर मात्र `paper.html?std=10§ion=2` दिसते. घोडबंदर रोडवरच्या दोन पालकांनी ती कॉपी करून लावली, त्यांच्याकडे उघडली नाही. त्याच लिंकवर बोट ठेवलं तर मात्र उघडते!

---

घणसोली_देवदत्त · सोमवार, रात्री १०:४५

पहिलं, क्रम उलटा झाला. `&` आधी बदलायचं, मग बाकीची दोन. तुम्ही `<` बदललंत तेव्हा मजकुरात नवं `&` आलं, `&lt;` मधलं. शेवटच्या फेरीत तेही बदललं आणि `&amp;lt;` झालं. ब्राउझर एकदाच उलगडतो. `&amp;` चं `&` केलं, पुढचं `lt;` तसंच ठेवलं, म्हणून मुलांना `&lt;` दिसलं. टॅग लावायच्या आधी बदल केलात हे मात्र अगदी योग्य केलंत. नाहीतर टॅगही मजकूर होऊन पानावर उतरले असते. मूळ फाईल असेल तर पहिल्यापासून `&`, `<`, `>` या क्रमाने करा.

दुसरं, लिंक. एचटीएमएलमधल्या नावांच्या यादीत २२३१ नोंदी आहेत, आणि त्यातल्या १०६ अर्धविरामाशिवायही चालतात. जुन्या काळी लोक अर्धविराम विसरत, ती पानं मोडू नयेत म्हणून ही सवलत राहिली आहे. त्यात `&sect` आहे, म्हणजे §. तुमच्या `&section` मधली पहिली चार अक्षरं ब्राउझरने उचलली, `ion` उरलं. अशीच `&region` चं ®ion होतं, `&param` चं ¶m, `&timestamp` चं ×tamp, `&currency` चं ¤cy. `&std` ला काही झालं नसतं, कारण तसं नाव यादीत नाही. म्हणून हा दोष कधी दिसतो, कधी नाही.

बोट ठेवल्यावर उघडते, कारण `href` च्या आत नियम वेगळा आहे. तिथे अर्धविराम नसेल आणि लगेच पुढे अक्षर, आकडा किंवा `=` असेल तर ब्राउझर हात लावत नाही. तुमचं `href` वाचलं, दिसणारा मजकूर मोडला. दोन्हीकडे `&amp;` लिहा:

```
<a href="paper.html?std=10&amp;section=2">
paper.html?std=10&amp;section=2</a>
```

`href` मध्ये `&amp;` लिहिलं तर सर्व्हरला `&amp;` जाईल अशी भीती अनेकांना वाटते. जात नाही. ब्राउझर आधी उलगडतो, मग पत्ता पाठवतो. पालक कॉपी करतील तेव्हाही त्यांना नुसतं `&` मिळेल.

---

वाशी_हिशेब · मंगळवार, दुपारी १:२०

माझं पण तसलंच आहे म्हणून इथेच लिहितो. मी मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब बघतो. भावाची यादी एका वेबपानावरून कॉपी करून एक्सेलमध्ये लावतो. आमच्या यादीत "जिरे" आहे, त्यांच्याही यादीत "जिरे" आहे, पण व्हीलुकअप `#N/A` देतो. ट्रिम लावून झालं. हे पण ते अँपरसँडचंच प्रकरण का?

---

घणसोली_देवदत्त · मंगळवार, दुपारी २:०५

अँपरसँडचं नाही, पण शेजारचंच आहे. तुम्ही आणलेल्या "जिरे" च्या शेवटी न तुटणारी जागा असणार, एचटीएमएलमध्ये `&nbsp;` लिहितात ती. दिसायला साध्या जागेसारखीच, पण तिचा क्रमांक १६०. साध्या जागेचा ३२. एक्सेलचं ट्रिम फक्त ३२ वाली काढतं.

खात्री करायची तर `=LEN(A2)` लावा. "जिरे" मध्ये ज, वेलांटी, र, मात्रा अशी चार येतात. पाच आलं तर शेपटीला काहीतरी आहे. मग `=UNICODE(RIGHT(A2,1))` लावून बघा, १६० आलं की तीच. काढायला:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

---

वाशी_हिशेब · मंगळवार, दुपारी ३:१०

पाच आलं. १६० आलं. शंभरेक नावं एका फटक्यात जुळली. दादा, मनापासून आभार. दोन नावं अजून जुळत नाहीत, "दालचिनी" आणि "वेलची". त्यांत लांबी बरोबर येते.

---

मुग्धा_खारघर · मंगळवार, दुपारी ४:००

लांबी बरोबर येत असेल तर शेपटीचा प्रश्न नाही, शुद्धलेखन तपासा. "दालचिनी" मध्ये पहिली वेलांटी की दुसरी, हे दोन याद्यांत वेगळं असू शकतं. र्‍हस्व असो की दीर्घ, मोजणीत दोन्ही एकच.

`&nbsp;` निघालंच आहे तर माझा अनुभव सांगते. ही जागा फार कामाची आहे, फक्त जागच्या जागी हवी. "१२ सेमी" मध्ये १२ ओळीच्या शेवटी आणि सेमी खालच्या ओळीत गेलं तर गणिताचा प्रश्न वाचताना मूल अडखळतं. तिथे `12&nbsp;सेमी` लिहावं. "डॉ." आणि नाव, "प्र." आणि आकडा, "रु." आणि रक्कम यांच्यामध्येही. छापील पुस्तकात आम्ही हे डोळ्याने बघून सांभाळतो. मोबाईलवर ओळ कुठे तुटेल ते आधी कळत नाही, म्हणून आधीच बांधून ठेवायचं.

---

विद्या_नौपाडा · मंगळवार, रात्री ९:५०

मुग्धाताई, तुमचं वाचून मी माझ्या पानातले `&nbsp;` मोजले. रिकाम्या जागा भरा या प्रश्नात प्रत्येक जागेसाठी मी नव्वद वेळा `&nbsp;` लावलं आहे आणि त्याला अधोरेखित केलंय. लॅपटॉपवर सुरेख रेघ दिसते. फोनवर मात्र पान आडवं सरकतं, आणि मुलं प्रत्येक ओळ उजवीकडे ढकलून वाचतात. याचंही कारण तेच ना?

---

मुग्धा_खारघर · मंगळवार, रात्री १०:२०

तेच. साध्या नव्वद जागा असत्या तर ब्राउझरने त्यांची एक केली असती. `&nbsp;` एकत्र होत नाहीत आणि तुटतही नाहीत. एका जागेची रुंदी साधारण अक्षराच्या आकाराच्या पाव भाग धरा. १६ पिक्सेलचा मजकूर असेल तर चार पिक्सेल, नव्वदांचे तीनशे साठ. अनेक फोनची रुंदीच तेवढी असते, वर दोन्ही बाजूंची समास. मग पान आडवं वाढणारच.

रेघेसाठी जागा भरू नका, रेघच काढा:

```
<span class="blank"></span>

.blank { display: inline-block; width: 8em;
         border-bottom: 1px solid; }
```

हे १२८ पिक्सेल होतात, कोणत्याही फोनवर मावतात. छापलंत तरी रेघ राहते.

---

घणसोली_देवदत्त · मंगळवार, रात्री १०:५५

रेघेचं अगदी पटलं. "१२ सेमी" साठी मात्र मी `&nbsp;` ऐवजी `white-space: nowrap` लावलेला स्पॅन वापरतो. वाशीच्या दादांना जो त्रास झाला तोच कुणी आपल्या पानावरून आकडे कॉपी केले तर होतो. १६० नंबरची जागा मजकुरासोबत प्रवास करते, सीएसएस करत नाही.

---

मुग्धा_खारघर · मंगळवार, रात्री ११:१०

देवदत्त, इथे माझं मत वेगळं आहे. "१२" आणि "सेमी" एकत्र राहावेत हा मजकुराचा गुण आहे, सजावटीचा नाही. तो मजकुरासोबत प्रवास करायलाच हवा. उद्या ताईंनी हाच प्रश्न दुसऱ्या पानावर नेला, जिथे तुमचं सीएसएस नाही, तर पुन्हा तुटेल. भावाच्या यादीत ती जागा शब्दाच्या शेपटीला होती, तिथे तिचं काही कामच नव्हतं. दोष तिथे लावणाऱ्याचा.

---

घणसोली_देवदत्त · मंगळवार, रात्री ११:२५

मुद्दा कळला. तरी ज्या पानावरून लोक आकडे उचलतात, तिथे मी नोरॅपच ठेवीन. प्रश्नपत्रिकेसाठी तुमचं चालेल.

---

विद्या_नौपाडा · गुरुवार, रात्री ८:४०

गणिताचा पेपर आता सोळा आणे नीट आहे. चौथा, सातवा, लिंक, रेघा, सगळं तीन फोनवर तपासलं. कळव्याच्या एका मुलीकडचा जुना फोनही त्यात होता.

आता आयटीचं. भाच्याने मला प्रश्न भरायला पीएचपीचा फॉर्म करून दिलाय. शिकले तसं त्यात मी `a&lt;b` असं भरलं. पानावर दिसतंय `a&amp;lt;b`. तुमच्या हिशेबाने एकदा जास्त बदललं तर `&lt;` दिसायला हवं. इथे त्याहून जास्त कसं?

---

घणसोली_देवदत्त · गुरुवार, रात्री ९:३०

जे दिसतंय त्यावरून थर मोजता येतात. नीट असेल तर `<` दिसतं. एक थर जास्त असेल तर `&lt;`. दोन जास्त असतील तर `&amp;lt;`. तुमच्याकडे दोन जास्त, म्हणजे एकूण तीनदा बदल झालाय. एकदा तुम्ही हाताने केलात. उरलेले दोन फॉर्मने केले असणार. भाच्याच्या कोडमध्ये `htmlspecialchars` शोधा. माझा अंदाज, प्रश्न सेव्ह करताना एकदा आणि दाखवताना एकदा सापडेल.

हाताने लिहिलेल्या पानात `&lt;` तुम्ही लिहायचं, कारण तुमच्या आणि ब्राउझरच्या मध्ये दुसरं कुणी नाही. फॉर्ममध्ये `a<b` सरळ लिहायचं. तिथे बदलण्याचं काम कोडचं. आणि कोडने ते एकदाच करायचं, पानावर दाखवताना. डेटाबेसमध्ये प्रश्न जसा तुम्ही टाइप केलात तसाच राहू दे. सेव्ह करतानाचं `htmlspecialchars` काढायला सांगा. दाखवतानाचं कधीच काढू देऊ नका, नाहीतर चौथ्या प्रश्नाची गोष्ट पुन्हा होईल, आणि फॉर्ममध्ये कुणी स्क्रिप्ट टाकली तर ती मुलांच्या फोनवर चालेल.

---

कोपरीकर · गुरुवार, रात्री १०:००

पीएचपीत याचा सोपा तोडगा आहे. `htmlspecialchars` ला चौथा पॅरामीटर असतो, `double_encode`. तो `false` केला की आधीच बदललेल्याला ते पुन्हा हात लावत नाही. मी स्वतः वापरलाय. कोडमध्ये शोधाशोध नको.

---

घणसोली_देवदत्त · गुरुवार, रात्री १०:२०

काका, तो पॅरामीटर आहे आणि तुम्ही म्हणता तसंच करतो. गणिताच्या क्लासला चालूनही जाईल. पण ताई आयटी शिकवतात. "`&lt;` लिहिल्यावर पानावर काय दिसेल?" असा प्रश्न त्यांनी टाकला तर तो पॅरामीटर म्हणेल, हे आधीच बदललेलं आहे. मुलांना प्रश्नातच `<` दिसेल आणि उत्तर फुटेल.

---

विद्या_नौपाडा · शुक्रवार, रात्री ९:१५

असे दोन प्रश्न खरंच आहेत! एक `&lt;` चा आणि एक `&nbsp;` चा. कोडही तुम्ही म्हणालात तसंच निघालं, सेव्ह करताना एकदा, दाखवताना एकदा. भाच्याने पहिलं काढलं. नवा प्रश्न `a<b` असा सरळ भरला, सरळ दिसला.

जुने चौसष्ट प्रश्न मात्र डेटाबेसमध्ये बदललेले पडून आहेत. काही मी हाताने `&lt;` लिहून भरलेले, त्यांत दोन थर. काही त्याआधी सरळ भरलेले, त्यांत एक. भाचा म्हणतो, `htmlspecialchars_decode` सगळ्यांवर दोनदा चालवू. चालवू का?

---

घणसोली_देवदत्त · शुक्रवार, रात्री १०:००

दोनदा सगळ्यांवर नको. एकदा सगळ्यांवर चालवा. सेव्ह करताना कोडने एक थर प्रत्येकाला लावलाच होता, तो निघेल. त्यानंतर जे प्रश्न तुम्ही सरळ भरले होते ते मूळ रूपात येतील. ज्यांत अजून `&lt;`, `&gt;` किंवा `&amp;` उरलं असेल, ते दोनांपैकी एक. एकतर तुम्ही हाताने कोड लिहून भरलेले, किंवा ज्यांचा विषयच `&lt;` आहे ते. या दोघांत फरक यंत्राला सांगता येणार नाही, मजकूर हुबेहूब सारखाच असतो. अशा ओळी शोधून तुम्हालाच वाचाव्या लागतील. आधी टेबलची प्रत काढून ठेवा.

---

विद्या_नौपाडा · शनिवार, दुपारी १२:३०

प्रत काढून एकदा चालवलं. चौसष्टपैकी वीस ओळींत `&` उरलं. सतरा मी हाताने भरलेल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. दोन तेच आयटीचे प्रश्न, त्यांना हात लावला नाही आणि ते पानावर बरोबर दिसतात.

एक ओळ मात्र अडली आहे. तिच्यात "ध्वनी &amp; प्रकाश" असं दिसतंय. हे मी हाताने लिहिलं होतं, की कोडने तिसऱ्यांदा केलं, मला आठवत नाही.

---

मुग्धा_खारघर · शनिवार, दुपारी १:०५

तिथे "ध्वनी आणि प्रकाश" लिहा, ताई.